लिंबाचा रस, मेथीचा लेप आणि डोक्यातला जाळ

सोलापुरात तुम्हाला कोणी सांगितलं, "कोंडा झालाय? लिंबाचं पाणी लाव की डोक्याला," तर आधी विचारून घ्यायचं, कुठल्या लिंबाचं? आमच्याकडे दारातल्या कडुनिंबाला सरळ 'लिंब' म्हणतात. त्याचा पाला तो लिंबाचा पाला, आणि सरबतातला रस तोही लिंबाचाच. भरीस भर म्हणून शेजारच्या गल्लीत तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर. त्यांच्या भाषेत 'निम्म' म्हणजे लिंबू, आणि कडुनिंब म्हणजे 'वेप'. पलीकडे एखादं कानडी घर, तिथे लिंबू 'निंबे' आणि कडुनिंब 'बेवु'. तीन भाषांच्या या गावात कोंड्याचा एकच उपाय तीन घरांत विचारला, तर कोण डोक्याला काय चोळेल सांगता येत नाही.

हे गमतीचं वाटेल, पण डोक्याच्या कातडीच्या दृष्टीने दोन लिंबांत फार मोठा फरक आहे. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी लावून बहुतेकांना फारसा फायदा झाला नाही तरी फारसा तोटाही होत नाही. लिंबाचा रस मात्र कातडी भाजू शकतो, तेही दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी. आणि तिसरी मंडळी म्हणजे मेथी. ती दिसायला सगळ्यांत गरीब, पण महाराष्ट्रातल्या वैद्यकीय नोंदींतली सगळ्यांत गंभीर हकिगत तिच्याच नावावर आहे.

आमच्या भागात या सगळ्या उपायांवर एक ठरलेलं वाक्य असतं, "झोंबतंय ना? मग लागू पडतंय." या वीकेंडला म्हटलं, या वाक्याचाच जरा इतिहास बघू. झोंबतं म्हणजे नक्की काय होतं, आणि ते कोणाला कधी कळलं?

सुरुवात जुन्या ग्रंथांपासून करू. कोंड्याला संस्कृतात नाव आहे 'दारुणक'. सुश्रुतसंहितेत तो क्षुद्ररोगांच्या यादीत येतो, वाग्भटाच्या अष्टांगहृदयात डोक्याच्या रोगांमध्ये. लक्षणं ओळखीची आहेत. खाज, रुक्षपणा, कातडी बारीक फुटणं, केस गळणं. आता उपचार बघा. सुश्रुत सांगतो की आधी तेल-तूप लावून आणि शेक देऊन घ्यावं, मग कपाळावरची शीर सोडवून थोडं रक्त काढावं, नाकात औषध द्यावं, डोक्यावर तेल धरून ठेवावं, तेलाचा अभ्यंग करावा. आणि डोकं कशाने धुवावं? तर कोद्र्याच्या काडाच्या राखेचं पाणी. नंतरच्या काळात भावप्रकाशासारख्या ग्रंथात दुधात वाटलेल्या खसखशीचा लेपही आहे.

हे सगळं आज करावं असं मी म्हणत नाहीये, कपाळाची शीर तर मुळीच सोडवू नका! मुद्दा वेगळा आहे. राखेचं पाणी अल्कधर्मी असतं, म्हणजे लिंबाच्या बरोबर उलट. आणि बाकी सगळं तेलातून नाहीतर दुधातून, म्हणजे काहीतरी स्निग्ध मधे घालून केलेलं. दारुणकासाठी सुश्रुताने सांगितलेल्या या उपायांत लिंबाचा रस नाही आणि कच्चा वाटून थापलेला पालाही नाही. आपण ज्याला 'परंपरेने चालत आलेला' उपाय म्हणतो, तो निदान या ग्रंथातल्या दारुणकाच्या उपचारातून तरी आलेला नाही.

मग डोक्यात लिंबू आलं कुठून? माझा अंदाज असा, की त्याला साबणाने बोलावलं. याचं कारण रसायनशास्त्रात आहे. सोलापूरकडचं बोअरचं पाणी जड, कॅल्शियमने भरलेलं. शिकेकाई किंवा रिठ्याने डोकं धुतलं तर या जड पाण्याचा तितका त्रास होत नाही. पण वडीचा साबण वापरला, की साबणातली चरबीची आम्लं आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून एक न विरघळणारा पांढरट चोथा तयार होतो. बादलीच्या कडेला बसणारा थर आठवा, तोच. तो केसांत अडकतो, वाळतो आणि भुरभुर पडतो. दिसायला अगदी कोंडा! शेवटच्या तांब्यात थोडं लिंबू पिळलं, तर आम्लामुळे हा चोथा सुटतो आणि केस मऊ, चकचकीत होतात. पाश्चात्त्य देशांतही साबणाने केस धुण्याच्या काळात लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने शेवटी केस खळबळायची पद्धत होतीच. १९३० च्या दशकात साबणविरहित शाम्पू बाजारात आले आणि तिथली ती गरज हळूहळू संपली.

म्हणजे लिंबाने 'कोंडा' जायचा हे खोटं नव्हतं. फक्त तो कोंडा नव्हता, साबण होता. आणि लिंबूही चमचाभर होतं, तांब्याभर पाण्यात. पुढे साबणाच्या जागी शाम्पू आला, चोथा गेला, पण लिंबू राहिलं. आणि तांब्याभर पाणी वगळून ते अर्धं कापून थेट टाळूवर घासलं जाऊ लागलं.

आता खरा कोंडा म्हणजे काय ते थोडक्यात बघू, कारण त्याशिवाय जळण्याचा भाग कळणार नाही. १८७४ मध्ये लुई-शार्ल मालासे या फ्रेंच डॉक्टरला कोंड्याच्या खपल्यांत सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या गोल पेशी दिसल्या. आज त्या बुरशीचं नावच मालासेझिया आहे. पण ही बुरशी निरोगी डोक्यावरही सापडते, त्यामुळे ती कारण आहे की नुसती भाडेकरू, यावर पुढे शंभर वर्षं वाद चालला. मधल्या काळात बुरशीची बाजू अगदी मागे पडली होती. १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या सॅम शुस्टर यांनी तो वाद पुन्हा उकरून काढला. त्यांचा युक्तिवाद साधा होता. कोंड्यावर लागू पडणारी औषधं एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत, पण बुरशी मारणं हा गुण सगळ्यांत समान आहे.

२००७ मध्ये या बुरशीचा जीनोम वाचला गेला, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. तिला स्वतःला चरबीची आम्लं बनवता येत नाहीत. ती आपल्या टाळूवरच्या तेलावर जगते. ते तेल फोडते, तिला हवं ते खाते आणि नको असलेली आम्लं, विशेषतः ओलिक आम्ल, तिथेच टाकून देते. त्याआधी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे ओलिक आम्ल थेट लोकांच्या टाळूवर लावून बघितलं होतं. कोंडा होणाऱ्यांच्या डोक्यावर खपल्या आल्या, न होणाऱ्यांच्या आल्या नाहीत. म्हणजे बुरशी सगळ्यांकडे असते, पण काहींच्या कातडीला तिचा कचरा सोसत नाही.

याचा आपल्या विषयाशी संबंध असा, की कोंडा झालेली टाळू ही शाबूत कातडी नसते. वरचा थर विस्कटलेला असतो, तिथून पाणी बाहेर जातं आणि बाहेरचं आत शिरतं. वर खाजवून नखांचे बारीक ओरखडे पडलेले असतात. लिंबू, मेथी, कडुनिंब हे सगळं आपण नेमकं अशा उघड्या जागेवर लावतो.

तर आता पहिली जळजळ, आम्लाची. लिंबाच्या रसाचा पीएच साधारण २ ते २.५ असतो, कातडीच्या पृष्ठभागाचा ५ च्या आसपास. पीएचची मोजपट्टी दसपटीची असते. एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, त्यामुळे तीन अंकांचा फरक म्हणजे हजारपट आम्लता. शाबूत तळहात हे पाच-दहा मिनिटं सहज सोसतो, म्हणून "हाताला काही होत नाही, मग डोक्याला कसं होईल?" असं वाटतं. पण तळहाताची वरची कातडी खूप जाड असते आणि टाळूवर ओरखडे असतात. रस त्यातून आत गेला की मज्जातंतूंची टोकं लगेच ओरडतात. हे 'झोंबणं' म्हणजे बुरशी मरत असल्याची खूण नाही. बुरशीला मज्जातंतू नसतात, ओरडतोय तो आपला स्वतःचा!

ही जळजळ ओळखायची खूण म्हणजे वेळ. ती लावल्या लावल्या सुरू होते आणि भरपूर पाण्याने धुतल्यावर उतरू लागते. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. पण रस अर्धा तास ठेवला, किंवा रोज लावला, तर टाळू लाल होते, ताणल्यासारखी वाटते आणि दोन-तीन दिवसांनी तिच्या पापुद्र्या निघतात. इथे एक घोटाळा होतो. या भाजल्याच्या पापुद्र्या कोंड्यासारख्याच दिसतात. माणूस म्हणतो कोंडा वाढला, आणि आणखी लिंबू लावतो. खूण अशी, की कोंड्याच्या खपल्या बहुधा तेलकट-पिवळसर किंवा भुकटीसारख्या असतात आणि खाजतात. भाजल्याच्या पापुद्र्या पातळ, कोरड्या असतात, खालची कातडी लाल चकचकीत दिसते आणि खाजेपेक्षा आग जास्त होते.

दुसरी जळजळ जास्त फसवी आहे, कारण ती लावताना होतच नाही. तिची गोष्ट पहिल्या महायुद्धाच्या काळातली आहे. १९१६ मध्ये फ्रॉइंड नावाच्या डॉक्टरने (तो मानसशास्त्रवाला नव्हे, त्याच्या नावात एक अक्षर जास्त आहे) काही रुग्णांची नोंद केली. त्यांच्या मानेवर ओघळाच्या आकाराचे तपकिरी पट्टे उमटले होते. पट्टे नेमके तिथेच होते जिथे ओ-द-कोलोन लावून ते उन्हात गेले होते. त्या अत्तरात बर्गामॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल असायचं. १९३८ मध्ये कुस्के यांनी दाखवलं की त्या तेलातल्या फ्युरोकूमारिन जातीच्या पदार्थांमुळे हे होतं. आणि १९४२ मध्ये क्लाबर यांनी या प्रकाराला लांबलचक नाव दिलं, फायटोफोटोडर्माटायटिस. फोड करून सांगायचं तर वनस्पती अधिक उजेड मिळून होणारा कातडीचा दाह. नाव लांब असलं तरी त्यात सगळी कृती आहे. नुसत्या वनस्पतीने होत नाही, नुसत्या उजेडानेही नाही, दोन्ही एकत्र लागतात.

गंमत म्हणजे याच जातीचा मूळ पदार्थ, सोरालेन, वेगळा काढला गेला तो आपल्या शेजारच्या बंगळूरला. १९३३ मध्ये जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव यांनी बावचीच्या बियांतून तो काढला. बावची म्हणजे कोडावरचं, पांढऱ्या डागांवरचं जुनं आयुर्वेदिक औषध. तिचा लेप लावायचा आणि डाग उन्हात धरायचा, म्हणजे तिथे रंग परत येऊ शकतो.

चरकसंहितेत याच्याही पुढचं वर्णन आहे. पांढऱ्या डागांच्या रोग्याला काळ्या उंबराचा रस गूळ घालून द्यावा, अंगाला तेल लावून त्याच्या ताकदीप्रमाणे उन्हात बसवावं आणि मग डागांवर जे फोड येतील ते काट्याने फोडावेत. काळा उंबर अंजिराच्या कुळातला, आणि अंजिराच्या पानांत-चिकात हीच रसायनं असतात हे आज माहीत आहे. चरकाला सोरालेन माहीत नव्हतं, पण वनस्पती अधिक ऊन म्हणजे फोड हे समीकरण त्याच्यासमोर होतं. आणि उन्हाचा डोस रोग्याच्या ताकदीप्रमाणे बेतायचा, हेही होतं. १९७० च्या दशकात हाच विचार गोळी आणि मोजलेला अतिनील प्रकाश अशा रूपात आधुनिक त्वचारोगशास्त्रात आला.

आणि आपलं कागदी लिंबू? तेही फ्युरोकूमारिनवालंच. पुन्हा रसापेक्षा सालीत ते कितीतरी पटींनी जास्त असतं. म्हणजे अर्धं लिंबू कापून सालीसकट टाळूवर घासणं ही सगळ्यांत वाईट पद्धत. रसाबरोबर सालीतलं तेलही आपण कातडीत चोळतो.

एक उदाहरण घेऊन पावलागणिक बघू. समजा रविवार आहे, सकाळचे साडेदहा. कोणीतरी दोन लिंबं अर्धी करून टाळूवर घासली. रस केसांतून ओघळून कपाळावर, कानामागे, मानेवर आला. "अर्धा तास मुरू दे" म्हणून ती व्यक्ती गच्चीत जाऊन बसली, सोलापुरी चादरी वाळत घातल्यात त्यांच्या बाजूला. कातडीत शिरायला या पदार्थांना अर्धा ते दोन तास लागतात, आणि नेमक्या त्याच वेळात ऊन चढलं. उन्हातले अतिनील-ए किरण पडले की हे रेणू पेशीतल्या डीएनएला चिकटतात आणि त्याच्या दोन पट्ट्या एकमेकींना जणू शिवून टाकतात. ती पेशी आतून मोडते. पण या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून रविवारी काहीच दिसत नाही. डोकं धुतलं, केस छान झाले, झोप लागली.

सोमवारी संध्याकाळी कपाळावर आग सुरू होते. मंगळवार-बुधवारी ती शिगेला पोचते. लाली, सूज, कधी पाण्याने भरलेले फोड. सगळे विचार करतात, सोमवारी काय खाल्लं? कुठला नवा साबण लावला? रविवारच्या लिंबावर संशय कोणी घेत नाही, कारण त्याला दोन दिवस झाले. फोड आठवड्यात बसतात, पण मागे तपकिरी डाग राहतात, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर ते काही महिनेही टिकू शकतात.

ओळखायची खूण म्हणजे आकार. ॲलर्जीचं पुरळ कुठेही, कसंही पसरतं. हे डाग मात्र ओघळासारखे, थेंबासारखे, बोटांच्या ठशांसारखे असतात, आणि फक्त ऊन लागलेल्या जागी. दाट केसांखालची टाळू पुष्कळदा वाचते, कारण केस सावली देतात. सापडतात त्या जागा म्हणजे भांगाची रेघ, टक्कल, कपाळ, कानाची पाळी, मान आणि लिंबू पिळणाऱ्याचे हात. आणि हो, ऊन गरम असण्याशी याचा काही संबंध नाही. डिसेंबरातलं कोवळं वाटणारं ऊनही चालतं, खिडकीच्या साध्या काचेतूनही हे किरण बरेचसे आत येतात.

आता मेथी. कृती सगळ्यांना माहीत आहे. दोन चमचे दाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी मिक्सरमधून काढायचे, बुळबुळीत लेप डोक्याला थापायचा. तो बुळबुळीतपणा मेथीतल्या डिंकासारख्या पदार्थाचा. त्यामुळे लावताना अगदी थंड वाटतं. वाळला की मात्र हाच डिंक केसांना आणि खपल्यांना घट्ट धरतो. मग तो खरवडून काढताना टाळूची साल निघते. ही झाली साधी इजा, आणि ती टाळता येते. लेप ओला असतानाच धुऊन टाकायचा.

पण मेथीत प्रथिनं असतात, आणि ती शेंगावर्गातली आहे, म्हणजे हरभरा आणि शेंगदाण्याची भाऊबंद. १९९७ मध्ये पाटील, निफाडकर आणि बापट या मुंबईच्या संशोधकांनी ॲलर्जीवरच्या एका अमेरिकी नियतकालिकात दोन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. पहिल्या रुग्णाच्या नाकात मेथीची पूड गेली होती. त्याने नाक वाहू लागलं, छातीत घरघर झाली आणि भोवळ आली. दुसरी एक बाई होती, जुना दमा असलेली. तिने कोंड्यावर उपाय म्हणून मेथीचा लेप डोक्याला लावला होता. तिचं डोकं बधिर झालं, चेहरा सुजला आणि श्वासात घरघर सुरू झाली. डोक्याला लावलेल्या लेपाने श्वास अडला! कातडीवरच्या चाचणीत मेथीची तीव्र प्रतिक्रिया आली, हरभऱ्याचीही आली. पुढे रक्तातली ॲलर्जीची प्रतिद्रव्यं मेथीच्या कोणत्या प्रथिनांना चिकटतात हेही त्यांनी दाखवलं.

नंतर २००० च्या दशकात नॉर्वेत शेंगदाण्याच्या ॲलर्जीचे रुग्ण तपासताना काहींच्या बाबतीत मेथीशी हाच संबंध दिसला. आमचं सोलापूर शेंगाचटणीचं गाव. तिथे शेंगदाण्याने घसा खाजणारा माणूस चटणी आपोआप टाळतो, पण मेथी डोक्याला लावताना त्याला ते आठवणार नाही. म्हणून हा धागा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

हे झोंबणं लिंबाच्या झोंबण्यापेक्षा पूर्ण वेगळं आहे. इथे काही भाजत नाही, शरीराची संरक्षणयंत्रणा चिडते, आणि तीही काही मिनिटांत. त्यामुळे खुणा लेपाच्या जागेपुरत्या राहत नाहीत. ओठ, पापण्या सुजणं, अंगावर गांधी उठणं, आवाज बसणं, धाप लागणं, चक्कर येणं. यातलं श्वासाचं किंवा चक्करेचं एक जरी दिसलं तरी लेप धुऊन टाका आणि थेट हॉस्पिटल गाठा, "बघू, उतरतंय का" म्हणून थांबायचं नाही. आणि ज्यांना दमा आहे, किंवा शेंगदाणा, हरभरा, मेथी खाऊन कधी त्रास झालाय, त्यांनी मेथी डोक्याला लावूच नये. "आधी हातावर थोडी लावून बघतो" हा प्रयोगही त्यांनी घरी करायचा नाही.

राहिला कडुनिंब, म्हणजे आमचा लिंब. त्याच्या बाजूने नेहमी सांगितला जाणारा पुरावा म्हणजे पेटंटची लढाई. १९९४ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाने अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापरावर पेटंट दिलं. वंदना शिवा आणि त्यांच्या युरोपातल्या सहकाऱ्यांनी त्याला आव्हान दिलं. २००० च्या मे महिन्यात म्युनिकला सुनावणी झाली आणि पेटंट रद्द झालं. त्यात निर्णायक ठरली ती अभय फडके यांची साक्ष. १९८५ आणि १९८६ मध्ये पुणे आणि सांगली जिल्ह्यांत पिकांवर हे प्रयोग आधीच झाले होते, म्हणजे शोध नवा नव्हता. २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे, पण ती नीट वाचायला हवी. तिथे प्रश्न होता तो बियांपासून काढलेल्या तेलाच्या अर्काचा, आणि पिकांवरच्या बुरशीचा. आपण डोक्याला लावतो तो पाला, आणि आपली बुरशी टाळूच्या तेलावर जगणारी. बियांच्या तेलात जे उतरतं ते सगळं मिक्सरमध्ये वाटलेल्या पाल्यात असेलच असं नाही. त्यामुळे "युरोपात सिद्ध झालंय" हे वाक्य आपल्या कोंड्याला लागू होत नाही. पाला उकळून, गाळून, गार केलेलं पाणी बहुतेकांना सोसतं. कच्चा वाटलेला पाला मात्र खरखरीत असतो, शिरांचे तुकडे ओरखड्यांत रुततात, आणि काहींना त्याची ॲलर्जीही येते. ती एक-दोन दिवसांनी खाज, लाली आणि पुरळाच्या रूपात दिसते.

मग करायचं काय? शुस्टर यांच्या युक्तिवादाला धरून जायचं, तर बुरशी कमी करायची आणि कातडीला त्रास द्यायचा नाही. २ टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवायचा, असं चार आठवडे. ही आजची नेहमीची पद्धत. नंतर कधीतरी अधूनमधून, कारण बुरशी कायमची जात नसते. चार आठवड्यांत फरक पडला नाही, खपल्या जाड चंदेरी असल्या, किंवा लहान मुलाच्या डोक्यावर चट्टा पडून केस तुटत असले, तर तो बहुधा कोंडा नाही, डॉक्टरांना दाखवायला हवं.

आणि लिंबाचा रस लागलाच असेल तर? लगेच साबणपाण्याने धुवा, हातही धुवा, आणि पुढचे दोन दिवस ती जागा उन्हापासून झाका. आग होत असताना वरून दुसरा कुठलाही घरगुती लेप नको, फोड आले तर डॉक्टर. शेवटच्या तांब्यात चमचाभर लिंबाची सवय ज्यांना सोडवत नाही, त्यांनी निदान ते संध्याकाळी करावं आणि वरून साधं पाणी घ्यावं.

हे सगळं वाचताना मला सारखं जाणवत होतं ते चरकाचं 'ताकदीप्रमाणे'. ज्यांनी वनस्पती आणि ऊन एकत्र वापरलं, त्यांना फोड येणार हे माहीत होतं आणि ऊन किती हे ते ठरवत होते. आपल्यापर्यंत पोचलेल्या उपायात लिंबू आहे, गच्ची आहे, ऊन आहे, फक्त किती आणि कधी हे सांगणारं वाक्य गळून पडलंय. त्याच्या जागी "झोंबतंय ना, मग लागू पडतंय" हे येऊन बसलं.

असो. तुमच्या घरी यातला कुठला लिंब वापरतात, ते जरूर कळवा.